वीस फोटोंचा बर्स्ट एकत्र केला, तरी चित्र एका फोटोपेक्षा मऊ का येतं?

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. हर्णै बंदरावरून सुवर्णदुर्गाचे हातात फोन धरून पंधरा-वीस फोटो काढले, कुठेतरी वाचलेल्या पद्धतीने दुप्पट करून एकावर एक बसवले, सरासरी काढली. दाणे गेले, आकाश स्वच्छ झालं, पण तटाचे दगड मूळ फोटोपेक्षाही पुसट दिसतात. मग शार्पनिंग वाढवलं की तटाच्या कडेला पांढरी किनार येते आणि दगड तसेच राहतात.

या तक्रारीमागे चार-पाच वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. ती ओळखण्याआधी फोटो एकत्र केल्याने जास्तीचा तपशील येतो कुठून, हे पक्कं माहीत हवं. ते कळलं की अर्धी कारणं आपोआप दिसतात.

फोनच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलला एकच रंग दिसतो. निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे लाल रंगाची खरी मोजणी प्रत्येक दिशेने एकाआड एक पिक्सेललाच होते, मधल्या जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. हात किंचित हलला की पुढच्या फ्रेममध्ये दगडाचा तोच कोपरा पिक्सेलच्या जाळीवर थोडा सरकून पडतो, कधी पाव पिक्सेल, कधी पाऊण. या वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या मोजण्या परत नेमक्या जागी बसवल्या की मधल्या जागा अंदाजाऐवजी खऱ्या मोजणीने भरतात. हाताची थरथर इथे कामाला येते. म्हणूनच ट्रायपॉडवर घेतलेल्या वीस फ्रेम एकत्र केल्या तर दाणे कमी होतात (सोळा फ्रेमला साधारण चौथाईच उरतात), पण तपशील वाढत नाही. सगळ्या मोजण्या त्याच जागी झालेल्या असतात.

पहिली तपासणी: मूळ फ्रेममध्ये काही शिल्लक आहे का?

एक फ्रेम उघडा आणि ३०० टक्के मोठी करून तटाची वरची कड, एखादी डोलकाठी किंवा दोर पाहा. तिरप्या कडेवर बारीक जिने दिसत असतील, दोरावर लाल-निळे खोटे ठिपके दिसत असतील, दगडांच्या थरांत नसलेले तिरपे पट्टे दिसत असतील, तर ती चांगली बातमी आहे. भिंगाने पाठवलेला तपशील सेन्सरच्या जाळीपेक्षा बारीक आहे आणि तो जाळीत अडखळतो आहे, हेच त्यातून कळतं. हाच अडखळलेला तपशील बर्स्टमधून सुटा करता येतो. कड गुळगुळीत, तेलकट, रंगाने लिंपल्यासारखी असेल तर त्या फ्रेममध्ये सोडवण्यासारखं काही उरलेलं नाही. अशा पन्नास फ्रेम जोडल्या तरी लिंपलेलंच चित्र मिळेल.

लिंपलेपणाचं सर्वांत मोठं कारण म्हणजे फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यातले जेपीईजी. बहुतेक नव्या फोनमध्ये बटण एकदा दाबलं की फोन आतल्या आत अनेक फ्रेम घेऊन जोडतो, दाणे पुसतो, वर शार्पनिंग चढवतो. आपण ज्याला एक फोटो समजतो तो आधीच एक मिश्रण असतो, आणि दाणे पुसताना आपल्याला हवा तो बारीक तपशीलही पुसला जातो. ५० मेगापिक्सेलचा मोड आणि डिजिटल झूम यांचंही तसंच; तिथे फाइल मोठी होते, मोजणी बहुधा तेवढी वाढत नाही. उपाय एकच: रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची न पुसलेली मोजणी घ्या, मुख्य कॅमेऱ्याच्या साध्या १२ मेगापिक्सेलवर घ्या, झूम १ वर ठेवा. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा या मोफत अ‍ॅपमध्ये Camera2 API निवडला, की फोनला जमत असेल तर रॉचा पर्याय उघडतो आणि फाइल `.dng` म्हणून साठते. तिथल्या रिपीट सोयीने एका दाबात दहा फोटो घेता येतात. ते दोनदा करा.

मुख्य कॅमेराच का, हेही सांगायला हवं, कारण पुष्कळजण टेली भिंगावर हा प्रयोग करून निराश होतात. कितीही चांगलं भिंग असलं तरी ते बिंदूचा बिंदू काढत नाही, छोटी चकती काढतं, आणि छिद्र लहान तशी चकती मोठी. एफ १.८ ला हिरव्या प्रकाशात ती सुमारे २.४ मायक्रॉनची होते, एफ ३.४ ला ४.६ मायक्रॉनची. मुख्य कॅमेऱ्याचा पिक्सेल १.६ मायक्रॉनचा धरला तर लाल मोजणी ३.२ मायक्रॉनला एकदा होते, म्हणजे जाळी चकतीपेक्षा विरळ आहे आणि मिळवायला जागा आहे. टेलीचा पिक्सेल बहुधा १ मायक्रॉनच्या आसपास असतो. तिथे चकतीच कित्येक पिक्सेल व्यापते, जाळीत फारसं काही अडखळत नाही. तुमच्या फोनला खरं तिप्पट किंवा पाचपट टेली भिंग असेल तर दूरच्या तटासाठी सरळ तेच वापरा. मुख्य कॅमेऱ्याचा बर्स्ट त्याची बरोबरी करणार नाही.

किती अपेक्षा ठेवायची

२६ मिलिमीटर समतुल्य मुख्य भिंग आणि आडवे ४००० पिक्सेल असतील तर एक सोपा हिशोब आहे: अंतराला ३००० ने भागलं की चित्राच्या मध्यावर एका पिक्सेलला किती जागा येते ते मिळतं. उभे आहात तिथून तटापर्यंतचं अंतर नकाशावर मोजा. समजा ते ६०० मीटर भरलं. मग एक पिक्सेल म्हणजे तटावर २० सेंटिमीटर. दोन थर वेगळे दिसायला एक पिक्सेल दगडाला आणि एक सांध्याला असे निदान दोन लागतात, म्हणजे ४० सेंटिमीटरपेक्षा बारीक थर एका फ्रेममध्ये वेगळे दिसणार नाहीत. चांगला बर्स्ट हाती लागला तर खरी वाढ दीडपटीच्या आसपास मिळते, मग हीच हद्द २७ सेंटिमीटरपर्यंत येते. फूटभर उंचीच्या दगडांचे थर मोजता येतील. दोन दगडांमधली बोटभर फट दिसणार नाही, आणि ती दिसावी म्हणून शार्पनिंग वाढवत बसलात तर खोट्या रेघाच निघतील.

दुसरी तपासणी: फ्रेम हललेली आहे की सरकलेली?

हाताची थरथर हवी, पण ती दोन फ्रेमच्या मध्ये. शटर उघडं असताना नको. फोन हातात सेकंदाला २ अंशांनी फिरत असेल तर वरच्याच भिंगाला चित्र सेकंदाला सुमारे १०५ पिक्सेल सरकतं. १/१२५ शटरला हे सरकणं ०.८ पिक्सेल होतं, म्हणजे आपण जो अर्ध्या पिक्सेलचा तपशील शोधतोय तो त्याच क्षणी पुसला गेला. १/१००० ला ते ०.१ पिक्सेल उरतं. त्यामुळे शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा. समुद्रावरच्या सकाळच्या उन्हात त्यासाठी आयएसओ फारसा चढवावा लागत नाही, आणि चढला तरी चिंता नको. दाणे सरासरीत जातात, हललेपणा जात नाही.

फोकस तटावर लावून लॉक करा, एक्सपोजरही लॉक करा. कोपर बंदराच्या कठड्यावर टेकवलेले चालतील, फोन मात्र हातातच ठेवा. हलत्या होडीतून हा उद्योग करू नका. होडी उठते-बसते तेव्हा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जात असतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये तट वेगळ्या प्रकारे तिरका किंवा ताणलेला येतो. असा ताण साध्या जुळवणीने निघत नाही. त्याची खूण सोपी आहे: जोडलेल्या चित्रात तटाची वरची कड स्वच्छ बसते आणि खालची दुहेरी दिसते.

वेळ सकाळची घ्या. हर्णैच्या किनाऱ्यावरून दिसणारी सुवर्णदुर्गाची बाजू पूर्वेकडची, म्हणून सकाळचं ऊन थेट तटावर पडतं आणि सांध्यांत सावली उमटते. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. दिवस चढला की तापलेल्या वाळूवरची आणि पाण्यावरची हवा थरथरते आणि त्या थरथरीत तटाचा प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेला हलतो. फ्रेम भराभर पुढे-मागे करून पाहा: तट एकसंध सरकत असेल तर तो हात, तटाची कड पाण्यात पडल्यासारखी लहरत असेल तर ती हवा. हवेवर इथे इलाज नाही. ऑक्टोबरच्या दुपारी काढलेला बर्स्ट जोडण्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भिंगावरचा खारा थरही विसरू नका. बंदरावर तासभर उभं राहिलं की भिंगावर मिठाचा धुरकट पापुद्रा बसतो आणि सगळ्याच फ्रेममध्ये उजळ कडांभोवती दुधी वलय येतं. कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. गोड्या पाण्याने ओलसर केलेलं मऊ कापड आधी नुसतं टेकवा, मग हलकं फिरवा.

तिसरी तपासणी: जुळवणी नेमकी कशावर झाली?

रॉ चांगल्या, शटर जलद, तरीही चित्र दुहेरी किंवा मऊ आलं तर बहुतेक वेळा दोष इथे असतो. जुळवणीचं सॉफ्टवेअर ठळक खुणा शोधतं. हर्णैच्या चित्रात सर्वांत ठळक काय असतं? समोर नांगरलेले मचवे, त्यांचे झेंडे, दोर, लाटांवरची चमक. तट त्यांच्यापुढे फिका. सॉफ्टवेअर इमानेइतबारे मचव्यांवर जुळवणी करतं आणि तट सुटतो.

मचवा डोलत नसता तरी तो त्रास देतो. दोन फ्रेमच्या मध्ये हात २ सेंटिमीटर बाजूला गेला तर ६०० मीटरवरचा तट ०.१ पिक्सेल सरकतो, पण ५ मीटरवरचा दोर १२ पिक्सेल. दोन्ही एकाच वेळी जुळणं शक्य नाही. म्हणून जुळवणीआधीच कापा: सगळ्या फ्रेममधून तोच आयत, ज्यात तट, बुरूज आणि वरची थोडी झाडी येईल. पाणी शक्य तितकं बाहेर ठेवा, आणि बाजूंना शंभरेक पिक्सेल सोडा, कारण फ्रेम इकडेतिकडे सरकलेल्या असतात. याचे आणखी दोन फायदे आहेत. आयताची उंची कमी असली की सेन्सरच्या ओळीओळीने वाचण्याचा ताणही कमी येतो, आणि संगणकाची मेमरी वाचते. १२ मेगापिक्सेलची फ्रेम दुप्पट केली की ४८ मेगापिक्सेल होते आणि १६ बिटमध्ये अशी एकेक फाइल २८८ एमबीची भरते.

आता प्रत्यक्ष काम. रॉ फाइली संगणकावर रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, `Neutral` प्रोफाइल लावा, शार्पनिंग आणि दाणे काढणं दोन्ही बंद असल्याची खात्री करा. पहिल्या फ्रेमवर पांढरा समतोल ठरवून तीच सेटिंग सगळ्यांना चिकटवा आणि १६ बिट टिफ काढा. त्यातली सर्वांत धारदार फ्रेम शोधून तिचं नाव असं बदला की ती यादीत पहिली येईल, कारण बाकीच्या तिच्यावर बसवायच्या आहेत. ज्या फ्रेम हललेल्या दिसतात त्या काढून टाका. वीसपैकी बारा उरल्या तरी पुरे, आणि त्या बारांचं चित्र वीसांपेक्षा चांगलं येतं.

पुढचं काम इमेजमॅजिक आणि हगिनसोबत येणारं `align_image_stack` यांनी होतं. टिफ असलेल्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून त्यांच्या आज्ञा टाइप करायच्या. ४००० पिक्सेलच्या फ्रेममधून मध्यावरचा १६०० बाय ८०० चा आयत कापायचा आणि दुप्पट करायचा:

```
mkdir up
magick mogrify -path up -crop 1600x800+1200+1100 +repage -filter Lanczos -resize 200% -strip *.tif
```

इथे `+1200+1100` हे आयताच्या डाव्या-वरच्या कोपऱ्याचे आकडे आहेत. तुमच्या चित्राप्रमाणे बदला. `-strip` मुद्दाम ठेवलं आहे. ते नसेल तर फाइलमध्ये पूर्ण भिंगाची माहिती राहते आणि कापलेल्या चित्रासाठी ती चुकीची असते. त्याऐवजी आपण दृश्यकोन स्वतः देतो. १६०० पिक्सेलला तो ३० अंश येतो. जुळवणी दुप्पट केल्यावरच करायची, हा क्रम उलटा करू नका. आधी मूळ आकारात जुळवून मग मोठं केलं, तर पाव-अर्ध्या पिक्सेलचं सरकणं जुळवणीच्याच वेळी मूळ जाळीत दाबलं जातं.

```
cd up
align_image_stack -v -a al_ -f 30 -s 0 -c 20 -t 1 -C --use-given-order --align-to-first *.tif
```

`-s 0` मुळे जुळवणी पूर्ण आकारात होते. नाहीतर सॉफ्टवेअर चित्र अर्धं करून खुणा शोधतं. `-t 1` मुळे १ पिक्सेलपेक्षा जास्त चूक असलेल्या खुणा फेकल्या जातात. `--align-to-first` नसेल तर प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर बसवली जाते आणि मधली एक फ्रेम फसली की तिच्यापुढच्या सगळ्या फसतात. हा पर्याय हगिनच्या जुन्या आवृत्त्यांत नाही, म्हणून आवृत्ती नवी घ्या.

सरासरी काढण्याआधी जुळवणी डोळ्यांनी पाहा:

```
magick al_0000.tif al_0007.tif -alpha off +repage -compose difference -composite -auto-level diff.png
```

नीट जुळलेल्या फ्रेममधला फरक म्हणजे सगळीकडे सारखे पसरलेले दाणे. तटाची बाह्यरेषा उजळ कोरलेली दिसली तर ती फ्रेम बसलेली नाही. एकाच बाजूची रेषा उजळ आणि दुसरी शांत असेल तर फ्रेम फिरलेली किंवा ताणलेली आहे. ती टाकून द्या. माड हलल्याने तटावरची झाडी चमकेल, तिकडे लक्ष देऊ नका.

मग सरासरी:

```
magick al_*.tif -alpha off +repage -evaluate-sequence mean avg.tif
```

`mean` ऐवजी `median` दिलं तर मधून गेलेला पक्षी किंवा डोलकाठी गायब होते, पण तटाचा तपशील थोडा बोथट होतो. म्हणून तटासाठी `mean` घ्या आणि फक्त डाग पडलेली जागा `median` च्या चित्रातून आणून बसवा.

चौथी गोष्ट: सरासरी मऊ असणारच

बरेचजण नेमके इथे थांबतात आणि पद्धतच निकामी ठरवतात. पिक्सेलला रुंदी असते, मोठं करताना चित्र एकदा मऊ होतं, जुळवताना पुन्हा होतं. तपशील आत असतो, पण फिका. मूळ फोटोत दाण्यांमुळे जेवढं शार्पनिंग सोसत नव्हतं, तेवढं आता सोसतं, आणि तो फिका तपशील त्यानेच वर येतो:

```
magick avg.tif -unsharp 0x1.6+1.8+0 sharp.tif
```

१.६ ही त्रिज्या दुप्पट केलेल्या चित्रासाठी आहे. कडेला पांढरी किनार दिसली तर १.८ हा जोर उतरवा. त्रिज्या २.५ च्या वर नेऊ नका. तिथे थरांऐवजी बुरुजांच्या कडाच फुगतात.

आता मूळ प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर मिळवायचं. `al_0000.tif` या एकट्या फ्रेमवर हेच शार्पनिंग याच आकड्यांनी लावा आणि शेजारी ठेवून पाहा. दिसणारा फरक बर्स्टचा. बाकीचं श्रेय शार्पनिंगचं. त्याहून कडक कसोटी म्हणजे फ्रेमचे दोन गट पाडून दोन स्वतंत्र चित्रं करणं. लिनक्स किंवा मॅकवर:

```
magick al_*[02468].tif -alpha off +repage -evaluate-sequence mean a.tif
magick al_*[13579].tif -alpha off +repage -evaluate-sequence mean b.tif
```

दोन्हींवर तेच शार्पनिंग लावा आणि बुरुजाचा एकच कोपरा ४०० टक्क्यांवर पाहा. डाव्या चित्रात आठ थर मोजता येत असतील आणि उजव्यातही त्याच जागी आठ, तर ते दगड खरे आहेत. एकात रेघ आहे आणि दुसऱ्यात नाही, किंवा तिरपी होते, तर ती दाण्यांची किंवा जाळीची करामत. सहा-सहा फ्रेमच्या गटांत दाणे थोडे जास्त राहतील, तेवढं धरून चाला.

दोन्ही गट एकमेकांशी जुळतात, पण एकट्या फ्रेमपेक्षा वेगळं काहीच दाखवत नाहीत, असंही होतं. तेव्हा पहिल्या तपासणीकडे परत जा. बहुतेक वेळा अ‍ॅपने रॉऐवजी जेपीईजी साठवलेले सापडतात, नाहीतर भिंगाचा फोकस तटाऐवजी जवळच्या मचव्यावर लॉक झालेला असतो. क्वचित फोन इतका स्थिर टेकवलेला असतो की फ्रेम सरकतच नाहीत. दोन न जुळवलेल्या फ्रेम एकावर एक ठेवल्या की ते लगेच कळतं. पुढच्या वेळी कोपर कठड्यावरून उचला.

कसोटीत चित्र खरं उतरलं की ते ७५ टक्क्यांवर आणून साठवा. खरी वाढ दीडपट असताना दुप्पट आकार ठेवण्यात फाइलच जड होते. दीडपट आकारात तोच तपशील डोळ्याला घट्ट दिसतो.